लांब दस्तऐवजाचे प्रूफवाचन वेगवेगळ्या फेऱ्यांत कसे आखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे शंभर पानांच्या पुढचे अहवाल, प्रबंध, माहितीपुस्तिका असे दस्तऐवज डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. उदाहरणांसाठी सगळीकडे एकच नमुना धरला आहे: १५० पानांचा अहवाल, पानाला साधारण २८० शब्द म्हणजे एकूण ४२,००० शब्द, आणि त्यात २४ तक्ते.

एकदाच नीट लक्ष देऊन वाचले तर चालत नाही का?

दोन पानांच्या पत्राला चालते, १५० पानांना नाही. अर्थ लावत वाचताना डोळा प्रत्येक अक्षरावर न थांबता पुढे सरकतो. वाक्याचा अर्थ लागला की वेलांटी ऱ्हस्व होती की दीर्घ, हे मनात नोंदलेच जात नाही. उलट अक्षर न् अक्षर पाहणाऱ्याला प्रत्येक शब्द बरोबर दिसतो, पण आधीच्या प्रकरणात नेमके उलटे विधान होते हे त्याच्या ध्यानात येत नाही. आकड्यांना तर संदर्भच नसतो. ‘५,७२४’ आणि ‘५,२७४’ हे दोन्ही दिसायला सारखेच शुद्ध. त्यातला कोणता बरोबर, हे मूळ कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून अर्थ, आकडे, शुद्धलेखन आणि मांडणी अशा चार फेऱ्या करून प्रत्येक फेरीला एकच काम द्यायचे. त्या फेरीत दुसऱ्या प्रकारची चूक दिसली तर समासात पेन्सिलीची बारीक खूण करून पुढे जायचे. ती तिथेच दुरुस्त करत बसलात, तर दहा-पंधरा पानांत मूळ काम सुटते आणि पुन्हा चारही गोष्टी एकदम पाहणे सुरू होते.

फेऱ्यांचा क्रम कोणता ठेवावा?

क्रम ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: या फेरीतल्या दुरुस्त्यांमुळे दुसऱ्या कोणत्या फेरीचे काम बिघडेल? जी फेरी इतरांचे काम बिघडवते ती आधी घ्यायची.

अर्थाच्या फेरीत वाक्ये बदलतात, परिच्छेद गळतात, कधी अख्खा तक्ता दुसऱ्या प्रकरणात जातो. नव्या मजकुरासोबत नव्या टायपिंगच्या चुका येतात. त्यामुळे अर्थ पहिला. त्यानंतर आकडे, कारण आकडा बदलला की त्याभोवतीचे वाक्यही बदलावे लागते. ‘किंचित वाढ’ची ‘घट’ होऊ शकते. तिसरे शुद्धलेखन. इथे फक्त अक्षरे बदलतात, अर्थाला सहसा धक्का लागत नाही. मांडणी शेवटी, कारण वरच्या प्रत्येक दुरुस्तीने ओळी सरकतात.

मात्र या सरळ क्रमात एक खोच आहे. सगळे आकडे एका जातीचे नसतात. लोकसंख्या, रक्कम, टक्केवारी, तारीख हे आशयाचे आकडे. ते मांडणीच्या आधीच तपासून व्हायला हवेत. पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका, ‘तक्ता १४ पाहा’, ‘पृष्ठ ८७ वरील आकृती’ हे जागेचे आकडे. ते मांडणी पक्की होईपर्यंत स्थिरच नसतात. दोन्ही एका फेरीत घातले तर जागेचे आकडे दोनदा तपासावे लागतात किंवा एकदाही नीट तपासले जात नाहीत. म्हणून नावाला चार फेऱ्या असल्या तरी आखणी पाचांची करावी: अर्थ, आशयाचे आकडे, शुद्धलेखन, मांडणी आणि शेवटी जागेचे आकडे.

अर्थाच्या फेरीत नेमके काय पाहायचे?

विधान पटते का, हा लेखकाचा प्रश्न. प्रूफवाचकाने पाहायचे ते एवढेच, की मजकूर स्वतःशी सुसंगत आहे का. वाचताना बाजूला एक कागद ठेवा. प्रस्तावनेत ‘पुढे तीन उपाय सुचवले आहेत’ असे आले की नोंद करा आणि ते उपाय खरोखर तीनच आहेत का, हे तिथे पोचल्यावर ताडून पाहा. व्याख्या दिलेली संज्ञा पुढे त्याच अर्थाने येते का, ‘वर सांगितल्याप्रमाणे’ म्हटलेले खरोखर वर आहे का, सारांशातला निष्कर्ष आणि शेवटच्या प्रकरणातला निष्कर्ष जुळतात का, अशा नोंदी त्या कागदावर साचत जातात. फेरी संपताना एकही नोंद उघडी राहता कामा नये.

नकारावर विशेष लक्ष ठेवा. मराठीत एक अक्षर गळले किंवा मोकळी जागा सरकली की अर्थ उलटतो आणि तपासनीस सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘अर्ज करू नये’ आणि ‘अर्ज करून ये’ या दोन्हींतले सगळे शब्द शुद्ध आहेत. ‘असते’च्या जागी ‘नसते’, ‘वाढ’च्या जागी ‘वाद’ या चुकाही अर्थ लावत वाचणाऱ्यालाच सापडतात.

ही फेरी शक्यतो सलग दिवसांत पूर्ण करा. मध्ये आठवडा गेला तर तिसऱ्या प्रकरणातले विधान नवव्या प्रकरणापर्यंत आठवत नाही.

आशयाचे आकडे तपासायची पद्धत काय? नुसते पाहत जायचे का?

नुसते पाहून आकडा तपासला जात नाही. तीन कामे करावी लागतात: मूळ कागदाशी ताडणे, बेरीज पुन्हा करणे आणि तोच आकडा दस्तऐवजात इतरत्र कुठे आला आहे ते पाहणे.

ताडताना दोघे असतील तर उत्तम. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील प्रतीवर टिकमार्क करत जायचे. आकडा अंक सुटे करून वाचावा: ‘पाच, सात, दोन, चार’. ‘पाच हजार सातशे चोवीस’ असे म्हटले तर ऐकणारा समोरच्या आकड्यावर नजर टाकून तेच ऐकल्यासारखे मान डोलावतो. एकटेच असाल तर तक्ता उलट्या दिशेने, खालच्या ओळीपासून वर तपासा. त्याने नजर पुढचा आकडा अंदाजाने भरत नाही. देवनागरीत बारीक टंकात १ आणि ९ यांची गल्लत सर्वांत जास्त होते. तळटिपांतली वर्षे त्यासाठी मोठी करून पाहावीत.

बेरजेचे एक उदाहरण घेऊ. चार विभागांतल्या लाभार्थ्यांचा तक्ता असा छापला आहे: १,८४२, २,०६७, ५,२७४, ९३१, एकूण १०,५६४. पुन्हा बेरीज केली तर १०,११४ येते. फरक ४५०. हा फरक ९ ने भागला जातो, तेव्हा दोन अंकांची अदलाबदल झाली असावी असा पहिला संशय घ्यायचा. शेजारचे दोन अंक उलटे पडले की येणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. इथे ४५० म्हणजे ९० गुणिले ५. म्हणजे शतक आणि दशक या स्थानांवरचे अंक उलटे पडले आहेत आणि त्या दोन अंकांत ५ चा फरक आहे. आता ओळी पाहा: १,८४२ मध्ये ८ आणि ४, फरक ४. २,०६७ मध्ये ० आणि ६, फरक ६. ९३१ मध्ये ९ आणि ३, फरक ६. उरते ५,२७४; त्यात २ आणि ७, फरक बरोबर ५. ते उलटवले की ५,७२४ मिळते आणि बेरीज जुळते.

इथे थांबायचे आणि मूळ नोंद उघडायची. गणिताने फक्त कुठे पाहायचे ते सांगितले. एक शून्य जास्त पडल्यानेही फरक ९ ने भागला जातो (१२० चे १,२०० झाले तर फरक १,०८०), आणि कधी ओळी बरोबर असून बेरीजच जुनी राहिलेली असते. मूळ कागद न पाहता केलेली दुरुस्ती हा अंदाजच असतो.

तिसरे काम लोक सर्वांत जास्त विसरतात. तक्त्यात ५,७२४ केले, पण सारांशात, आलेखावर आणि एखाद्या तळटिपेत जुना आकडा तसाच. त्याच्यावरून काढलेली टक्केवारीही पाहावी लागते: ५,७२४ म्हणजे एकूणच्या ५४.२ टक्के, तर ५,२७४ धरून काढली असेल तर ती ४९.९ छापली असेल. मजकुरात ‘निम्म्याहून अधिक’ लिहिलेले खरे की खोटे, हे त्यावरच ठरते.

मजकुरात विखुरलेले आकडे एकत्र कसे काढायचे?

लिबरऑफिस रायटरमध्ये `Find & Replace` उघडून `Regular expressions` हा पर्याय लावा, खालील ओळ शोधा आणि `Find All` दाबा:

```
^.*[0-9०-९].*$
```

अंक असलेले सगळे परिच्छेद निवडले जातात. ते नव्या फाइलीत चिकटवले की आकड्यांच्या फेरीसाठी आटोपशीर वाचनप्रत मिळते. इंग्रजी आणि देवनागरी असे दोन्ही अंक चौकटीत मुद्दाम दिले आहेत, कारण अनेकांनी मिळून लिहिलेल्या दस्तऐवजात दोन्ही सापडतात.

या शोधात अक्षरांत लिहिलेल्या संख्या येत नाहीत. सव्वा, दीड, अडीच, पाऊण, साडे हे शब्द वेगळे शोधावे लागतात. ‘सव्वादोन लाख’ आणि तक्त्यातले २,५०,००० हे जुळत नाहीत, हे अशाच शोधात निघते. सव्वादोन लाख म्हणजे २,२५,०००.

वाक्यातल्या आकड्यांच्या काही चुका हटकून येतात. ‘२०१८ ते २०२३ या पाच वर्षांत’: दोन्ही टोके धरली तर वर्षे सहा होतात. ‘दीडपट झाले’ आणि ‘दीडशे टक्के वाढले’: पहिल्यात १०० चे १५० होतात, दुसऱ्यात २५०. प्रमाण २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले तर वाढ ५ टक्के-अंकांची आहे. तिला ‘५ टक्के वाढ’ म्हणणे चूक, कारण २० च्या तुलनेत ती २५ टक्के आहे. टक्केवारीची बेरीज ९९.९ आली तर ती मात्र चूक असेलच असे नाही. तीन समान भागांची ३३.३ अशी नोंद केली तरी तेच येते. अशा तक्त्याखाली पूर्णांकनाची टीप आहे का, तेवढे पाहा.

शुद्धलेखनासाठी सॉफ्टवेअर आहे, मग वेगळी फेरी कशाला?

सॉफ्टवेअर आधी चालवाच. पण ते शब्द कोशात आहे की नाही एवढेच पाहते. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘मिलन’ आणि ‘मीलन’ या जोड्यांतले दोन्ही शब्द कोशात असल्याने तिथे ते गप्प राहते. उलट विभक्ती लागलेली बरोबर रूपे कोशात नसली की ती लाल रेघेत येतात आणि थोड्या वेळाने माणूस रेघांकडे पाहणेच सोडतो.

फेरी सुरू करण्यापूर्वी शब्दयादी करा. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांनी (१९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार) बहुतेक प्रश्न सुटतात. यादीत फक्त या दस्तऐवजातले अडणारे शब्द घ्यायचे: व्यक्तींची आणि गावांची नावे, परकी शब्दांची लेखने, संक्षेप, जोडून की तोडून लिहायचे शब्द. अर्थाच्या फेरीत समासात केलेल्या पेन्सिलीच्या खुणा इथे कामाला येतात. यादी एका पानाची असली तर वापरली जाते. पाच पानांची झाली की कोणी उघडत नाही.

वाचताना ओळीखाली पट्टी किंवा कोरा कागद धरा, म्हणजे पुढची ओळ दिसत नाही. प्रकरणे उलट क्रमाने घेतली, शेवटचे आधी, तर दोन फायदे होतात. कथनाचा ओघ तुटल्याने लक्ष अक्षरांवर राहते, आणि दरवेळी थकल्या डोळ्यांच्या वाट्याला येणारी शेवटची प्रकरणे ताज्या डोळ्यांना मिळतात.

‘सगळे बदला’ हे बटण वापरावे का?

फार जपून. कोणाला ‘मुल’ चुकीचे दिसले आणि त्याने सर्वत्र ‘मूल’ केले, की ‘मुलगा’चा ‘मूलगा’ आणि ‘मुलाखत’ची ‘मूलाखत’ होते. उपान्त्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात सहसा ऱ्हस्व होतो (मूल, पण मुलाला; वकील, पण वकिलाने), त्यामुळे मराठीत ही आपत्ती इतर भाषांपेक्षा लवकर ओढवते. एकेक जागा पाहून बदलणे हाच मार्ग.

शोधाची आणखी एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवलेला असू शकतो: कुठे नुक्त्याच्या ‘ऱ’ ने, कुठे साध्या ‘र’ ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधात एकच सापडतो. फाइल अनेकांकडून आलेली असेल तर पहिल्या फेरीच्या आधीच हे एका प्रकारात आणून घ्यावे. अपूर्णविरामाच्या जागी टाइप झालेला विसर्गही (‘पुढीलप्रमाणेः’) तसाच लपतो. विसर्ग शोधून प्रत्येक ठिकाण पाहावे. ‘स्वतः’, ‘विशेषतः’ यांना हात लावायचा नाही.

मांडणीची फेरी वाचत करायची का?

वाचू नका, पाहा. अंतिम पीडीएफ घ्या, समोरासमोरची दोन पाने एकत्र दिसतील असे ठेवा आणि संपूर्ण दस्तऐवजातून एका वेळी एकच गोष्ट पाहत जा. आधी फक्त शीर्षके: पातळीनुसार आकार आणि वरची मोकळी जागा सारखी आहे का. मग फक्त तक्ते: पानावर तुटलेल्या तक्त्याची शीर्ष ओळ पुढच्या पानावर पुन्हा आली आहे का, आकडे उजवीकडून जुळले आहेत का. मग पानांच्या कडा: परिच्छेदाची एकटी ओळ पुढच्या पानावर पडली आहे का, शीर्षक पानाच्या तळाशी आणि मजकूर पुढच्या पानावर असे झाले आहे का.

देवनागरीसाठी एक जादा चक्कर हवी. टंक बदलल्याने जोडाक्षरे सुटून हलन्त दिसू लागतात, मात्रा एकटी पडून ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते, आणि ओळींतले अंतर कमी केले असेल तर वरच्या मात्रा-रफार किंवा खालचे उकार कापले जातात. हे बहुतेकदा तक्त्यांत, आलेखांच्या नावांत आणि पानाच्या माथ्यावरच्या मजकुरात होते, कारण तिथला टंक मुख्य मजकुरापेक्षा वेगळा असतो. कागदावर छापायचे असेल तर अशी चार-पाच पाने प्रत्यक्ष छापून पाहा.

मांडणी मंजूर झाली की मजकूर गोठवायचा आणि त्यानंतर जागेचे आकडे तपासायचे. अनुक्रमणिकेतली प्रत्येक नोंद त्या पानावर जाऊन पाहा, नावही अक्षरशः तेच आहे का ते बघा. मग ‘पाहा’, ‘तक्ता’, ‘आकृती’, ‘पृष्ठ’ हे शब्द शोधून प्रत्येक निर्देश ताडा.

यासाठी वेळ किती धरावा?

वेग माणसागणिक आणि मजकुरागणिक बदलतो. पहिली दहा पाने घड्याळ लावून वाचा आणि त्यावरून हिशेब करा. नमुन्याच्या अहवालात असे वेग निघाले असे समजू: अर्थ तासाला १२ पाने, शुद्धलेखन तासाला १०, मांडणी तासाला २५. मग अर्थाला साडेबारा तास, शुद्धलेखनाला १५, मांडणीला ६. आकड्यांना पानांचा हिशेब लागू पडत नाही. तिथे तक्ते मोजायचे: २४ तक्ते, प्रत्येकी १५ मिनिटे म्हणजे ६ तास, आणि विखुरलेल्या आकड्यांना ४. जागेच्या आकड्यांना ३. झाले साडेशेहेचाळीस. दुरुस्त्या तपासायला आणखी ५ धरून साडेएकावन्न तास. दिवसाला असे बारकाईचे वाचन पाच तासांच्या वर टिकत नाही, म्हणून हे अकरा दिवसांचे काम आहे. ‘आठवडाभरात होईल’ असे आश्वासन देण्याआधी ही बेरीज समोरच्याला दाखवावी.

तेवढा वेळ नसेल तर काय गाळावे?

फेरी गाळू नका, तिची व्याप्ती कमी करा. शुद्धलेखनाची फेरी शीर्षके, सारांश, तक्त्यांची नावे आणि प्रत्येक प्रकरणाचे पहिले पान एवढ्यापुरती आणता येते. मांडणी एका चकरेत उरकता येते. आकड्यांना मात्र कात्री लावू नये. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले तर वाचक नाक मुरडतो. रक्कम चुकली तर तो चुकीचा निर्णय घेतो, आणि त्याला कळतही नाही.

दुरुस्त्या झाल्या, आता पुन्हा सगळे वाचायचे?

नाही. प्रत्येक फेरीआधीची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवा (`ahval_2_akade.docx`, `ahval_3_shuddhalekhan.docx`) आणि फेरीनंतर वर्डमधल्या `Review > Compare` ने दोन्ही ताडून पाहा. जिथे बदल झाला ते वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, नुसता बदललेला शब्द नाही. ‘योजना’च्या जागी ‘उपक्रम’ आला, पण क्रियापद ‘राबवली’च राहिले, ही दुरुस्तीतून जन्मलेली नेहमीची चूक. सांगितलेला बदल झालेलाच नाही, आणि न सांगितलेला झाला आहे, हेही इथेच उघड होते.

एका वेळी मूळ फाइल एकाच माणसाकडे असावी. दोघांनी दोन प्रतींवर दुरुस्त्या केल्या की त्या एकत्र करताना एकाचे काम पुसले जाते.

किती चुका अजून राहिल्या आहेत, याचा अंदाज करता येतो का?

दोन वाचकांनी एकच फेरी स्वतंत्रपणे केली असेल तर येतो. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९७६ मध्ये हा हिशेब मांडला होता. समजा शुद्धलेखनाच्या फेरीत एकाला २४ चुका सापडल्या, दुसऱ्याला २०, आणि त्यांतल्या १६ दोघांनाही सापडल्या. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार करून सामाईक आकड्याने भागा: २४ गुणिले २० म्हणजे ४८०, भागिले १६ म्हणजे ३०. एवढ्या एकूण चुका असाव्यात. दोघांना मिळून सापडल्या २४ अधिक २० उणे १६, म्हणजे २८. तेव्हा साधारण २ राहिल्या आहेत.

दोघांनी एकमेकांच्या खुणा पाहिलेल्या नसतील तरच हा हिशेब लागू पडतो. शिवाय काही चुका सगळ्यांनाच चकवणाऱ्या असतात, त्यामुळे उत्तर बहुधा थोडे कमीच येते. सामाईक चुका फारच थोड्या निघाल्या, म्हणजे वरच्या उदाहरणात १६ ऐवजी ६, तर एकूण अंदाज ८० वर जातो आणि सापडलेल्या असतात फक्त ३८. तेव्हा ती फेरी तिसऱ्या माणसाकडून पुन्हा करून घ्या, आणि मांडणीचे काम तोवर सुरू करू नका.